न्यूट्रल तुटला की कोणाच्या घरात किती व्होल्ट?

पावसाळ्यात एखाद्या इमारतीत अचानक विचित्र प्रकार सुरू होतो. पहिल्या मजल्यावरचे पंखे मंद होतात, दुसऱ्या मजल्यावरचे दिवे नेहमीपेक्षा लख्ख पेटतात आणि तिसऱ्या मजल्यावर टीव्हीच्या मागून धूर येतो. वायरमन येतो, मीटर पेटी उघडतो आणि सांगतो, ‘न्यूट्रल गेलाय.’ फेजची एकही तार तुटलेली नसते, डीपीवरून येणारा दाब बरोबर असतो, तरी एका घरात दीडशे व्होल्ट आणि दुसऱ्यात तीनशे. हे आकडे मीटर न लावता, कागदावर दोन-चार ओळींत काढता येतात. ती रीत जेकब मिलमन यांच्या नावाने ओळखली जाते. १९४० साली त्यांनी ती एका छोट्या लेखात मांडली. पुढे ते कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना ‘मिलमन-हॅल्कियास’ हे जाडजूड पुस्तक म्हणून ते ठाऊक असतात.

रीत आधी बॅटऱ्यांवर पाहू. तीन शाखा आहेत आणि तिन्हींची वरची टोके एका बिंदूला, खालची टोके दुसऱ्या बिंदूला जोडलेली आहेत. पहिलीत १२ व्होल्टची बॅटरी आणि २ ओहम रोध, दुसरीत ६ व्होल्टची बॅटरी आणि ३ ओहम, तिसरीत बॅटरीच नाही, नुसता ६ ओहमचा रोध. वरच्या बिंदूचा दाब किती? बिंदूत विजेचा साठा होत नाही, म्हणून तिथे जेवढा प्रवाह येतो तेवढाच बाहेर पडायला हवा. एवढी एक अट लिहिली आणि तिच्यातून दाब वेगळा काढला की सूत्र हाती येते:

V = (E₁/R₁ + E₂/R₂ + E₃/R₃) ÷ (1/R₁ + 1/R₂ + 1/R₃)

वर १२ भागिले २ म्हणजे ६, ६ भागिले ३ म्हणजे २ आणि तिसऱ्या शाखेचे शून्य, असे ८. खाली अर्धा, एक तृतीयांश आणि एक षष्ठांश, बेरीज बरोबर १. उत्तर ८ व्होल्ट. ताळा करून पाहा: पहिली शाखा २ अँपिअर देते, तिसरी १.३३ अँपिअर घेते आणि उरलेले ०.६७ अँपिअर ६ व्होल्टच्या बॅटरीत उलटे शिरतात. म्हणजे ती बॅटरी वीज देत नाही, चार्ज होते आहे. बॅटरी उलटी जोडली असती, तर वरच्या बेरजेत तिची रक्कम उणे धरावी लागली असती.

सूत्राचा मतलब सरळ आहे. प्रत्येक स्रोत बिंदूला आपल्या दाबाकडे ओढतो, आणि ज्याच्या वाटेत रोध कमी त्याची ओढ जास्त. बिंदू स्थिरावतो तो या ओढाताणीच्या सरासरीवर. विद्यार्थी हमखास चुकतात ते तिसऱ्या शाखेपाशी. तिच्यात स्रोत नाही म्हणून ते तिला हिशेबातूनच काढून टाकतात. वरच्या बेरजेत तिचे शून्य आहे हे खरे, पण खालच्या बेरजेत ती पुरेपूर मोजावी लागते. ती बिंदूला शून्याकडे ओढत असते, आणि न्यूट्रलची तार नेमके हेच काम करते.

आता इमारतीकडे येऊ. तीन फेज, प्रत्येकी २३० व्होल्ट. पहिल्या फेजवरच्या घरात २००० वॉटचा गिझर चालू आहे, दुसऱ्यावर १००० वॉटची इस्त्री, तिसऱ्यावर ५०० वॉटची छोटी शेगडी. तिन्ही उपकरणे नुसत्या रोधाची, म्हणून हिशेब सोपा. त्यांची दुसरी टोके इमारतीच्या न्यूट्रल पट्टीवर एकत्र येतात. तोच आपला बिंदू. सगळी उपकरणे २३० व्होल्टचीच असल्यामुळे ओहम काढायचीही गरज नाही. जितके वॉट जास्त तितका रोध कमी, तेव्हा ओढीचे वजन म्हणून थेट वॉटच घ्यावेत.

फक्त एक गोष्ट सांभाळायची. तीन फेजचे दाब एकमेकांशी १२० अंशांच्या कोनात असतात, त्यामुळे साधी बेरीज चालत नाही. पहिल्या फेजच्या दिशेने पाहिले तर २००० पूर्ण मोजायचे आणि बाकी दोघांचे निम्मे वजा करायचे: २००० − ५०० − २५० = १२५०. आडव्या दिशेने दुसरा आणि तिसरा एकमेकांविरुद्ध ओढतात, ०.८६६ × (१००० − ५००) = ४३३. काटकोन त्रिकोणाच्या नियमाने दोन्ही मिळून १३२३. याला एकूण वजनाने, ३५०० ने भागून २३० ने गुणले की जवळजवळ ८७ व्होल्ट. न्यूट्रल तुटल्यावर पट्टी शून्यावर राहत नाही, ८७ व्होल्टवर सरकते.

या सरकलेल्या बिंदूपासून प्रत्येक फेजचे अंतर मोजले, की घरोघरचा दाब कळतो. गिझरच्या घरात १५१ व्होल्ट, इस्त्रीच्या घरात २६१ आणि शेगडीच्या घरात ३०१. ज्याने सगळ्यात कमी वीज वापरली त्याच्याच वाट्याला सगळ्यात जास्त दाब. लोकांना हा अन्याय वाटतो, पण बिंदू जड घराकडे सरकला की हलक्या घरापासून तो दूर जाणारच. यात एमसीबीही पडत नाही. शेगडीतून एरवी २.२ अँपिअर जायचे तिथे आता २.८५ जातात. १६ अँपिअरच्या एमसीबीला याचा पत्ताही लागत नाही. फ्यूज आणि एमसीबी प्रवाहावर पहारा देतात, दाबावर नाही.

न्यूट्रल जागेवर असताना काय होते? ती चौथी शाखा, स्रोत शून्य. तारेचा रोध अर्धा ओहम धरला, तर वॉटच्या भाषेत तिचे वजन एक लाख सहा हजारांच्या आसपास येते. वरचे १३२३ तसेच राहतात, पण खाली ३५०० ऐवजी एक लाख नऊ हजारांवर भाजक जातो आणि पट्टी तीन व्होल्टसुद्धा सरकत नाही. तार पूर्ण तुटावीच लागते असेही नाही. स्क्रू ढिला होऊन, सांधा जळून तिथे २० ओहमचा रोध आला, तर वजन २६४५ वर घसरते आणि पट्टी ५० व्होल्टच्या आसपास सरकते. गिझरच्या घरात १८४, शेगडीच्या घरात २६९. म्हणूनच शेजारच्याने गिझर लावला आणि आपल्याकडचे दिवे उजळले, तर ते चांगले लक्षण नव्हे. न्यूट्रलचा सांधा ढिला झाल्याची ती खूण आहे. न्यूट्रलमध्ये स्वतंत्र फ्यूज बसवत नाहीत तेही याचसाठी.

या हिशेबाला मर्यादा आहेत. सगळ्या शाखा त्याच दोन बिंदूंमध्ये असतील तरच सूत्र चालते. एखाद्या शाखेत रोधच नसेल तर भागाकार शून्याने होतो, पण तेव्हा हिशेबाची गरजही नसते, बिंदूचा दाब त्या स्रोताइतकाच. शिवाय घरात नुसते गिझर नसतात. फ्रिजच्या मोटरचा प्रवाह दाबाच्या मागे पडतो, टीव्हीचा चार्जर दाब वाढला की प्रवाह कमी करतो. त्यांना ठरलेला एक रोध म्हणून सूत्रात बसवले तर उत्तर अंदाजाचेच येते. मात्र बिंदू कोणाकडे सरकेल याचा अंदाज त्यातूनही बांधता येतो.

तेव्हा घरातले दिवे एकाएकी लख्ख झाले, तर आधी मेन स्विच बंद करा, शेजाऱ्यांना सांगा आणि वायरमनला बोलवा. न्यूट्रलची पट्टी मात्र स्वतः हाताळू नका; वरच्या उदाहरणात तिच्यावर ८७ व्होल्ट होते.