फेरी कुणामुळे वाढली?

मार्चमध्ये अप्रेझलचे तक्ते भरायला घेतले, तेव्हा माझ्यासमोर दोन लेखिकांचे आकडे होते. पहिलीनं तीन महिन्यांत २४ लेख दिले होते आणि त्यांना मिळून ३१ दुरुस्ती-फेऱ्या लागल्या होत्या. दुसरीचे लेख २० आणि फेऱ्या ५२. म्हणजे पहिलीला लेखामागे सव्वापेक्षा थोड्या जास्त, तर दुसरीला अडीचहून अधिक फेऱ्या. एवढ्यावर थांबले असते, तर दुसरीची वेतनवाढ मी कापली असती.

पण फेरी मोजणं वेगळं आणि ती कशामुळे झाली हे पाहणं वेगळं. मी प्रत्येक लेखाचा जुना-नवा मसुदा उघडला आणि फेरीपुढे कारण लिहीत गेले. दुसरीच्या ५२ फेऱ्यांपैकी २९ क्लायंटनं मागणी बदलल्यामुळे झाल्या होत्या. तरुणांसाठी म्हणून मागवलेला लेख मसुदा हातात पडल्यावर निवृत्तांसाठी हवा झाला होता. आणखी ८ फेऱ्या आमच्याच दोन वरिष्ठांच्या उलटसुलट सूचनांच्या होत्या. एकानं परिच्छेद काढायला लावला, दुसऱ्यानं तोच परत मागितला. तिच्या स्वतःच्या चुकांमुळे झालेल्या फेऱ्या उरल्या १५, म्हणजे लेखामागे पाऊण. पहिलीच्या ३१ पैकी मात्र २८ तिच्याच होत्या. सगळं चित्र उलटलं. अवघड क्लायंट आम्ही भरवशाच्या माणसाकडे देतो आणि मग त्याच माणसाचा आकडा बिघडतो, हे मला तेव्हा कळलं आणि मनापासून वाईट वाटलं.

अचूकतेचंही तसंच आहे. सगळे लेख तपासणं शक्य नसतं, म्हणून मी प्रत्येकीचे पाच लेख चिठ्ठ्या टाकून निवडते. आपण हातानं निवडायला गेलो, तर लक्षात राहिलेले, म्हणजे फार चांगले किंवा फार वाईट लेखच निघतात. मग त्यांतली पडताळता येण्याजोगी प्रत्येक गोष्ट, म्हणजे नाव, तारीख, रक्कम, कुणाचं विधान, अधोरेखित करून मूळ कागदाशी ताडायची. ऱ्हस्व-दीर्घाची चूक आणि आकड्याची चूक एका तागडीत तोलायची नाही. इंग्रजीतल्या अडीच बिलियनचे मराठीत २५ कोटी झाले, तर लेख वाचायला सुरेखच लागतो, पण खरी रक्कम असते २५० कोटी. अशी एक चूक मी दहा शुद्धलेखनाच्या चुकांहून जड धरते.

संपादकाला हाच नियम लावताना एक रकाना वाढवावा लागतो, नजरेतून सुटलेल्या चुकांशिवाय त्यानं स्वतः घातलेल्या चुकांचा. शेतीविषयक एका लेखात लेखिकेनं ४० हेक्टर बरोबर लिहिलं होतं. वाचकांना सोपं जावं म्हणून संपादकानं हेक्टर खोडून एकर केलं, ४० मात्र तसेच ठेवले. एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, तेव्हा जमीन निम्म्याहून कमी झाली. आधीचा मसुदा शेजारी ठेवल्याशिवाय ही चूक लेखिकेच्याच नावावर गेली असती.

वेळेबद्दल दोनच गोष्टी. घड्याळ काम सांगितल्यापासून नाही, तर पूर्ण माहिती हातात पडल्यापासून लावावं आणि क्लायंटच्या उत्तराची वाट पाहताना ते थांबवावं. आणि सरासरीऐवजी सगळे दिवस चढत्या क्रमानं मांडून मधला आकडा घ्यावा, कारण महिनाभर अडकलेला एकच लेख सरासरी पार बिघडवतो.

सर्वांत फसवं माप स्वतंत्र लेखनाचं. मजकुराचं साम्य शोधणारं सॉफ्टवेअर टक्के सांगतं आणि आपण त्यावर विसंबतो. सरकारी योजनेवरच्या एका लेखात १८ टक्के साम्य निघालं. पाहिलं तर योजनेचं नाव, कायद्याचं कलम आणि पात्रतेच्या अटी, म्हणजे जसंच्या तसं लिहायलाच हवं असं सगळं. याउलट गृहकर्जावरच्या एका लेखात साम्य जेमतेम ३ टक्के. त्यात एक वाक्य होतं, की क्रेडिट स्कोअर ३०० ते ८५० असतो. आपल्याकडे सिबिलचा स्कोअर ९०० पर्यंत जातो. ८५० ही अमेरिकेतल्या फायको स्कोअरची वरची मर्यादा. पुढे तीस वर्षं न बदलणारा व्याजदर हा नेहमीचाच प्रकार असल्यासारखा आला होता. तोही तिकडचाच रिवाज. आपल्याकडची बहुतेक गृहकर्जं बदलत्या व्याजदराची. इंग्रजी लेख भाषांतरित करून दिला होता आणि भाषा बदलल्यामुळे सॉफ्टवेअरच्या हाती काही लागलं नव्हतं. तेव्हापासून मी लेखासोबत टिपणं मागते, कुठली माहिती कुठून घेतली आणि कुणाशी बोललात याची. ज्यानं खरंच शोधलेलं असतं, त्याची टिपणं खाडाखोडीनं भरलेली असतात.

बैठकीत दुसऱ्या लेखिकेपुढे मी तो कारणांचा तक्ता ठेवला. ती बराच वेळ २९ या आकड्यावर बोट ठेवून बसली होती. मग म्हणाली, "मॅडम, मला वाटत होतं मलाच लिहिता येत नाही." तिनं एकच मागणी केली, की लेखाची मागणी क्लायंटकडून लेखी घ्यावी आणि ती बदलली तर तो नवा लेख धरावा. एप्रिलपासून आम्ही तसंच करतो.