सत्तर जागांचा इशारा

25 जुलै 2024 रोजी पहाटे खडकवासला धरणातून मुठेत सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत शिरलं आणि वेळेवर पूर्वसूचना मिळाली नाही अशी रहिवाशांची तक्रार राहिली. अशी सूचना मोबाइलवर पाठवायची, तर तिचा मजकूर किती जागेत बसतो हे आधी पाहावं लागतं. एका एसएमएसमध्ये 140 बाइट असतात. साध्या इंग्रजी मजकुराला दर अक्षरी 7 बिट पुरतात, म्हणून 160 अक्षरं बसतात. देवनागरीला 16 बिट लागतात, म्हणून फक्त 70. शिवाय काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त या प्रत्येकाची जागा वेगळी मोजली जाते. ‘सुरक्षित’ डोळ्याला चार-पाच अक्षरांचा शब्द वाटतो, पण 8 जागा घेतो.

नमुना म्हणून एक इशारा घेऊ. धरण, नदी, वेळ, विसर्ग आणि स्थलांतराची सूचना एवढं सगळं इंग्रजीत 130 अक्षरांत, म्हणजे एकाच संदेशात मावतं. त्याचं सरकारी वळणाचं मराठी असं होतं: ‘नागरिकांना कळविण्यात येते की खडकवासला धरणातून मुठा नदीपात्रात सकाळी 6 वाजता 35000 क्युसेक विसर्ग सोडण्यात येणार आहे. नदीकाठच्या रहिवाशांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे.’ याला 169 जागा लागतात. तुकडे जोडायची माहितीही संदेशातच जात असल्यामुळे दर तुकड्यात 67 जागाच उरतात, म्हणून याचे तीन तुकडे होतात. तुकडे करण्यात गैर काय, फोन ते जोडतोच की, असं म्हणता येईल. पण तुकडे स्वतंत्रपणे प्रवास करतात. पुराच्या रात्री नेटवर्कवर ताण असताना एखादा अडकला तर संदेश अर्धवट दिसतो किंवा दिसतच नाही, आणि काय करायचं ते तर शेवटच्या तुकड्यात आहे.

म्हणून कात्री शेवटाला नव्हे, सुरुवातीला लावावी. ‘नागरिकांना कळविण्यात येते की’ एवढ्यानेच 28 जागा जातात आणि वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ते काढून, कर्मणी क्रियापदं मोडून लिहिलं तर: ‘खडकवासला: आज सकाळी 6 पासून मुठेत जादा पाणी. नदीकाठची घरे आताच सोडा.’ हे 67 जागांत बसतं. आकडा गेला, हा आक्षेप रास्त आहे. किती क्युसेकला आपल्या दारात पाणी येतं, हे नदीकाठच्या माणसांना अनुभवाने ठाऊक असतं. पण ‘जादा पाणी’च्या जागी ‘35000 क्युसेक’ घातलं की बेरीज 71 होते. इथे ‘आज’ काढण्याचा मोह होतो. तो काढला तर सकाळ कोणती हेच संदिग्ध राहतं. शेवटचा पूर्णविराम काढला की नेमक्या 70 होतात आणि अर्थाला धक्का लागत नाही.

रोमन लिपीत मराठी लिहून 160 अक्षरं मिळवावीत, असाही मार्ग सुचवला जातो. तो मला मान्य नाही. त्या लिपीत ट-त, ड-द एकसारखेच दिसतात, आणि आयुष्यभर देवनागरीच वाचलेल्या आजीला मध्यरात्री ते अडखळत लावावं लागतं. 70 जागांची मर्यादा आपण बदलू शकत नाही, पण त्या कशावर खर्चायच्या हे आपल्या हातात आहे. त्या वेळ, ठिकाण आणि कृती यांवरच खर्चाव्यात. हा निर्णय भाषांतर करणाऱ्याने पावसाळ्यापूर्वी, एकेक जागा मोजून घ्यायला हवा.