पिशवी घेऊन घरी जाताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात कर्करोगाची गाठ असली, की काही वेळा गुदद्वारासकट तो भाग काढून टाकावा लागतो. मग उरलेल्या आतड्याचं टोक पोटावर, बहुधा डाव्या बाजूला बेंबीच्या खाली, बाहेर काढून शिवतात. या शस्त्रक्रियेला कोलोस्टोमी म्हणतात आणि पोटावरच्या त्या तोंडाला स्टोमा. मल तिथून बाहेर येतो. त्याला अडवणारा स्नायू तिथं नसतो, म्हणून वर पिशवी लावावी लागते. ही पिशवी कशी बदलायची आणि काय खायचं, हे रुग्णाला घरी जाण्याआधी शिकवणं, हे परिचारिका म्हणून माझं काम.

हे शिकवणं सुटीच्या दिवशी दहा मिनिटांत उरकता येत नाही. आम्ही किमान तीन वेळा पिशवी बदलून दाखवतो. पहिल्या खेपेला सगळं मी करते, रुग्णानं फक्त पाहायचं. हेच सर्वांत अवघड असतं. पुष्कळ जण मान फिरवतात. तेव्हा मी सांगते, की निरोगी स्टोमा ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल आणि ओलसर दिसतो, त्याला स्पर्शाची वेदना नसते आणि पुसताना रक्ताचा एखादा थेंब आला तर घाबरायचं नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही दोघं मिळून करतो, घरातलं माणूस शेजारी उभं असतं. तिसऱ्या खेपेला मी हात मागे बांधून उभी राहते आणि रुग्ण स्वतः करतो.

एस. टी.तून निवृत्त झालेले एक चालक काका हे तिन्ही धडे उत्तम शिकले होते. पिशवीची चकती, म्हणजे कातडीला चिकटणारा भाग, त्यात स्टोमाच्या मापाचं भोक कापावं लागतं. काकांचा स्टोमा ४० मिलिमीटर रुंद होता. भोक दोन-तीन मिलिमीटर मोठं ठेवायचं, म्हणून मी ४२ मिलिमीटरचा कागदी साचा कापून दिला. काका घरी गेले.

तीन आठवड्यांनी ते परत आले ते कंबरेला टॉवेल गुंडाळून. चकती दिवसाआड गळत होती. स्टोमाभोवतीची कातडी सोलल्यासारखी लाल झाली होती. गळती थांबवायला त्यांनी चिकटपट्टीवर चिकटपट्टी लावली होती, तरी मल खालून पसरतच होता. काकू म्हणाल्या, "सिस्टर, पिशवी भरू नये म्हणून हे जेवतच नाहीत. चहा न् बिस्किटं, एवढंच." काकांचं वजन तीन किलोनं उतरलं होतं.

मी स्टोमा मोजला. तो ३२ मिलिमीटर भरला. शस्त्रक्रियेनंतर स्टोमा सुजलेला असतो. पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत ती सूज उतरते आणि तो लहान होतो. काका मात्र माझ्याच साच्यानं ४२ चं भोक कापत होते. त्यामुळे स्टोमाभोवती पाच मिलिमीटरची कातडी उघडी पडून सतत मलात भिजत होती. भिजलेल्या, ओल्या कातडीला चकती चिकटत नाही, म्हणून गळती. गळतीनं कातडी आणखी खराब. दोष काकांचा नव्हता. साचा जपून ठेवा, हे मी सांगितलं होतं. तो जुना होतो, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. तेव्हापासून प्रत्येक साच्यावर मी तारीख घालते आणि पहिले दोन महिने दर आठवड्याला नवं माप घ्यायला सांगते.

चकती बदलण्याची रीत सोपी आहे. सकाळी चहापाण्याआधी बदलावी, तेव्हा आतडं शांत असतं. जुनी चकती ओढून उपटायची नाही. एका हातानं कातडी दाबून धरायची आणि वरून खाली हळूहळू सोडवायची. काढल्यावर तिची मागची बाजू जरूर पाहावी. मल कुठल्या बाजूनं शिरला, ते तिथं लिहिल्यासारखं दिसतं. मग कोमट साध्या पाण्यानं कातडी पुसायची. तेल, पावडर, जंतुनाशक काही नको. त्यांच्या थरावर चकती धरत नाही. कातडी पूर्ण कोरडी झाली, की माप घ्यायचं, भोक कापायचं, चकती तळहातांत मिनिटभर धरून ऊबदार करायची आणि बसवून मिनिट-दोन मिनिटं हातानं दाबून ठेवायची. अशी चकती साधारण तीन ते पाच दिवस टिकते. पिशवी मात्र एक तृतीयांश ते निम्मी भरली, की रिकामी करावी. जड पिशवी चकतीला ओढून सोडवते. आणि गळू लागलेल्या चकतीला पट्टी लावू नये, ती बदलावी.

आता काकांच्या उपासाबद्दल. न खाल्ल्यानं पिशवी रिकामी राहत नाही. रिकाम्या आतड्यातही वायू होतोच, पिशवी फुगते आणि जखम भरून यायला लागणारं अन्न मात्र मिळत नाही. आतड्याचा बहुतेक भाग शाबूत असल्यामुळे कोलोस्टोमीला कायमचं पथ्य नसतं. पहिले चार-सहा आठवडे मऊ खावं: मऊ भात, मुगाचं वरण, ताक, केळं, शिजवलेला दुधी, अंडं किंवा मासा. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा आणि नीट चावून. नंतर नेहमीचे पदार्थ एकेक करून सुरू करावेत. एक नवा पदार्थ घेतला, की दोन-तीन दिवस थांबावं, म्हणजे काय सोसलं नाही ते कळतं. कोबी, मुळा, वाल, हरभरा यांनी वायू वाढतो. कांदा, लसूण, मासे यांनी वास. ते वर्ज्य नाहीत, पण लग्नाला जायच्या आदल्या दिवशी टाळावेत. बीट खाल्ल्यावर मल लाल दिसला, तर ते रक्त नव्हे. मल घट्ट झाला तर पाणी वाढवावं; डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल, तर दिवसाला आठ-दहा पेले. जुलाबाचं औषध मनानं घेऊ नये.

काकांची चकती आम्ही ३४ मिलिमीटरची कापली आणि सोललेल्या कातडीवर खास संरक्षक भुकटी अगदी पातळ लावली. जादा भुकटी झटकून टाकली. त्या दिवशी काकांनी वॉर्डातच वरणभात खाल्ला. दहा दिवसांत कातडी कोरडी झाली.

काही गोष्टी मात्र घरी निस्तरायच्या नाहीत. स्टोमा जांभळा किंवा काळा पडला, आतून रक्त वाहू लागलं, किंवा मल-वायू बंद होऊन पोट दुखायला आणि उलट्या व्हायला लागल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. बाकी दिवशी काका काय करतात? पुढच्या तपासणीला ते आले तेव्हा त्यांनी खिशातून साचा काढून दाखवला. ३२ मिलिमीटरचा, स्टोमा आता ३० वर आला होता. त्यावर त्यांच्याच अक्षरात तारीख होती.