डोकेदुखीची गोळी आणि पुन्हा डोकेदुखी

ब्रिटनमध्ये औषधाच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय एक गोळी मिळते. तिच्यात ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, ८ मिलिग्रॅम कोडीन आणि ३० मिलिग्रॅम कॅफीन असते. फार्मासिस्ट दोन-चार प्रश्न विचारतो आणि पाकीट हातात ठेवतो. तिथे राहणाऱ्या आपल्या नातलगांच्या घरीही ते असू शकते.

गोळीने डोके उतरते, हे खरे. त्यातले बरेचसे श्रेय पॅरासिटामॉलचे. कॅफीन वेदनाशामकाला थोडा हातभार लावते, पण तो नीट दिसायला १०० मिलिग्रॅमच्या आसपास मात्रा लागते आणि दोन गोळ्यांत असते ६०. कोडीन अफूच्या कुळातले. यकृतात त्याच्या काही भागाचे मॉर्फिन होते आणि वेदना कमी होते ती मुख्यतः त्यामुळे. काहींच्या शरीरात हे रूपांतर जवळजवळ होतच नाही, तर काहींच्या शरीरात फार वेगाने होते. म्हणून दोघांनी तीच गोळी घेतली तरी एकाला काही जाणवत नाही आणि दुसऱ्याला गुंगी येते.

सवय कशी लागते ते पाहू. समजा, एका बाईंना अर्धशिशीचा त्रास आहे. आधी महिन्यातून दोनदा गोळी लागायची, मग आठवड्यातून दोनदा. पुढे सकाळी उठल्याबरोबर डोके जड वाटू लागते, कारण रात्रभरात कोडीन आणि कॅफीन दोन्ही उतरलेले असतात. गोळी घेतली की बरे वाटते, म्हणजे गोळीच लागू पडते असा त्यांचा समज होतो. खरे तर आता दुखणे बहुतांशी गोळीमुळेच उठते. आधीच डोकेदुखी असलेल्या माणसाने असे मिश्र औषध महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतले आणि डोके महिन्यातले निम्मे दिवस दुखू लागले, तर औषधाच्या अतिवापराने होणाऱ्या डोकेदुखीचा संशय डॉक्टर घेतात.

दिवसाला आठ गोळ्या ही कमाल मर्यादा आहे. तेवढ्यांतच ४ ग्रॅम पॅरासिटामॉल होते. कोडीनची सवय जडली की आठ पुरत नाहीत, आणि दहाव्या-बाराव्या गोळीचा मार यकृतावर बसतो. मला सर्वांत जास्त धास्ती याचीच वाटते, कारण माणूस कोडीनसाठी गोळी घेतो आणि पॅरासिटामॉल निमूटपणे सोबत जाते.

२००९ पासून ब्रिटनमध्ये पाकिटावर सवय लागू शकते, तीन दिवसांपेक्षा जास्त घेऊ नये, असा इशारा छापतात. फ्रान्सने २०१७ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने १ फेब्रुवारी २०१८ पासून कोडीनला डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. मला तोच मार्ग योग्य वाटतो.

गोळी सोडताना पहिले काही दिवस डोके जास्तच दुखते. जांभया, नाक गळणे, जुलाब, बेचैनीही होते. रोज घेत असाल तर एकदम बंद करू नका. महिन्यात किती दिवस घेतली ते कॅलेंडरवर लिहून काढा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.