१ जुलैची वेतनवाढ, ३० जूनचा निरोप

केंद्र सरकारच्या एका कार्यालयात शेजारी शेजारी बसणारे दोन अधीक्षक आहेत असे समजा. दोघे एकाच वर्षी नोकरीला लागले, पदोन्नतीही बरोबरच झाली, आणि जून २०२४ मध्ये दोघांचे मूळ वेतन ६०,४०० रुपये आहे. एकाची जन्मतारीख १ जुलै १९६४, दुसऱ्याची २ जुलै १९६४. केंद्राच्या नियमानुसार कर्मचारी ज्या महिन्यात ६० वर्षांचा होतो, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर मात्र आधीच्याच महिन्याच्या अखेरीस. म्हणजे पहिले गृहस्थ ३० जूनला घरी गेले आणि दुसरे ३१ जुलैला. वार्षिक वेतनवाढ १ जुलैला पडते. दुसऱ्यांचे वेतन त्या दिवशी ६२,२०० झाले आणि निवृत्तिवेतन त्याच्या निम्मे, म्हणजे ३१,१०० ठरले. पहिल्यांचे ठरले ३०,२००. पहिल्यांनीही मागच्या १ जुलैपासून पुरे वर्ष काम केले होते. जन्मतारखेतल्या एका दिवसापायी मूळ निवृत्तिवेतनात महिन्याला ९०० रुपयांचा फरक पडला, आणि तोही तहहयात.

ही अडचण आजच्या स्वरूपात आली सहाव्या वेतन आयोगामुळे. त्याआधी ज्याची त्याची वेतनवाढीची तारीख वेगळी असे, नेमणुकीच्या किंवा पदोन्नतीच्या महिन्यावर ठरणारी. एखाद्याची वेतनवाढ निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी पडतही असेल, पण ते एकट्यादुकट्याचे दुखणे होते. १ जानेवारी २००६ पासून लागू झालेल्या नियमांनी सगळ्यांची वेतनवाढ एकाच तारखेला, १ जुलैला आणली. हिशेब सोपा झाला. पण २ जून ते १ जुलै या काळात जन्मलेला प्रत्येक जण ३० जूनला निवृत्त होणार आणि प्रत्येकाची वेतनवाढ एका दिवसाने हुकणार, हेही त्याबरोबर पक्के झाले. सातव्या वेतन आयोगाने १ जानेवारी ही दुसरी तारीख जोडली, तेव्हा ३१ डिसेंबरला निवृत्त होणारेही या रांगेत आले.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. मूलभूत नियमांनुसार कर्मचारी कामावर असेपर्यंतच वेतन मिळते. १ जुलैला तो कर्मचारीच नाही, निवृत्तिवेतनधारक आहे, मग वेतनवाढ द्यायची कोणत्या वेतनात? शिवाय वेतनवाढ ही पुढच्या कामासाठी दिलेली उमेद आहे, असाही युक्तिवाद होता. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २००५ मध्ये हेच म्हणणे उचलून धरले होते. उलट बाजूचा मुद्दा असा, की वेतनवाढ मागच्या वर्षभराच्या समाधानकारक सेवेची आहे. वर्ष ३० जूनच्या संध्याकाळी पुरे होते आणि हक्क तिथेच तयार होतो. १ जुलै ही फक्त पैसे हातात पडायची तारीख आहे. मद्रास उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये हा मुद्दा मान्य केला. ३० जून २०१३ ला निवृत्त झालेल्या एका केंद्रीय अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनापुरती ‘काल्पनिक वेतनवाढ’ मिळाली. सरकारचे अपील सर्वोच्च न्यायालयात टिकले नाही. पण हा निकाल त्या एकाच अर्जदारापुरता आहे, अशी भूमिका खात्यांनी घेतली. मग व्हायचे तेच झाले. ज्याच्यात कोर्टाची पायरी चढण्याची ताकद होती त्याला मिळाले, बाकीचे अर्जाच्या पोचपावत्या जपत बसले.

गाठ सुटली ती ११ एप्रिल २०२३ ला, कर्नाटकातल्या वीज पारेषण महामंडळाच्या प्रकरणात. वेतनवाढ कमावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून देय होते, असा त्या महामंडळाचा नियम होता. सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवले ते यातल्या कमावण्यावर. वर्षभर चांगले काम करून जे कमावले, ते दुसऱ्या दिवशी माणूस नोकरीत नाही एवढ्याच कारणाने काढून घेता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. पाठोपाठ मे २०२३ मध्ये केंद्र सरकारची अपिलेही याच निकालाच्या आधारे निकालात निघाली.

प्रश्न उरला तो मागच्या पैशांचा. २००६ पासूनच्या प्रत्येक ३० जूनचे निवृत्त लोक थकबाकी मागायला आले असते. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०२४ च्या अंतरिम आदेशात रेषा आखली आणि २० फेब्रुवारी २०२५ ला ती थोडी बदलून कायम केली. जे कधीच कोर्टात गेले नाहीत त्यांना वाढीव निवृत्तिवेतन १ मे २०२३ पासून मिळेल, त्याआधीचे काही नाही. ज्यांचा खटला जिंकून अंतिम झाला आहे, त्यांना आपापल्या निकालाप्रमाणे. ज्यांनी मे २०२३ च्या त्या आदेशाआधी न्यायाधिकरणात किंवा न्यायालयात धाव घेतली होती पण निकाल लागला नव्हता, त्यांना अर्ज केल्याच्या महिन्यामागची तीन वर्षे धरून. त्यानंतर घाईने अर्ज टाकणाऱ्यांना कोर्टात न गेलेल्यांच्याच रांगेत उभे केले. आधी कुणाला जास्त रक्कम दिली गेली असेल तर ती वसूल करायची नाही, हेही सांगितले. कार्मिक विभागाने १४ ऑक्टोबर २०२४ आणि २० मे २०२५ च्या ज्ञापनांनी हे सगळ्या केंद्रीय कार्यालयांना कळवले. आता केंद्राच्या माणसाला कोर्टात जायची गरज नाही. महाराष्ट्र शासनाच्या वित्त विभागानेही ३० जूनला निवृत्त झालेल्यांच्या काल्पनिक वेतनवाढीबद्दल २०२३ मध्येच आदेश काढले. राज्याच्या निवृत्तांनी त्या आदेशातल्या अटी पाहाव्यात, केंद्राच्या तारखा आपल्याला जशाच्या तशा लावू नयेत.

काल्पनिक वेतनवाढ म्हणजे १ जुलैचा पगार मिळणे नव्हे. कागदावर तेवढे वेतन धरायचे आणि त्यावर फक्त निवृत्तिवेतन पुन्हा काढायचे. उपदान, रजेचे रोखीकरण आणि अंशराशीकरण यांना ती लागत नाही. वरच्या पहिल्या अधीक्षकांची सेवा ३३ वर्षांहून जास्त झाली असेल, तर ६०,४०० मूळ आणि तेव्हाचा ५० टक्के महागाई भत्ता मिळून ९०,६०० होतात. त्याच्या साडेसोळा पट म्हणजे १४,९४,९०० रुपये उपदान त्यांना मिळाले. वेतनवाढ धरली असती तर ४४,५५० रुपये जास्त मिळाले असते. ती रक्कम या आदेशांमुळे मिळत नाही, आणि अनेक जण नेमकी तीच मागत लेखा कार्यालयात चकरा मारतात. वेतनवाढ ‘कमावली’ असे मान्य केल्यावर ती उपदानाला का चालू नये, याचे पटेल असे उत्तर मला सापडत नाही. पण आदेशाची भाषा स्पष्ट आहे.

जुन्या निवृत्तांचा हिशेब जरा लांबचा आहे. ३० जून २०१३ ला निवृत्त झालेल्या एखाद्याचे वेतन बँडमधले १८,४०० आणि ग्रेड पे ४,२०० मिळून २२,६०० होते असे धरू. त्यावर तीन टक्के वेतनवाढ ६७८ रुपये, पुढच्या दहाच्या पटीत ६८०. काल्पनिक वेतन झाले २३,२८०. सातव्या आयोगात जुन्या निवृत्तांचे वेतन २.५७ ने गुणून तक्त्यात बसवले गेले. २२,६०० चे ५८,०८२ होतात आणि सहाव्या स्तरात ते ५८,६०० च्या घरात बसतात. २३,२८० चे होतात सुमारे ५९,८३०, आणि ते ६०,४०० च्या घरात जातात. निवृत्तिवेतन २९,३०० चे ३०,२०० झाले. महागाई दिलाशासह १ मे २०२३ ते डिसेंबर २०२४ या वीस महिन्यांची थकबाकी २६,८०२ रुपये येते. २०१३ ते एप्रिल २०२३ ही जवळजवळ दहा वर्षे मात्र सोडून द्यायची. म्हणून जुन्या माणसाच्या अर्जावर कार्यालयाने २०१३ ची वेतनवाढ धरून २०१६ ची वेतननिश्चितीही नव्याने केली आहे का, हे बघायला हवे. पहिली पायरी करून दुसरी विसरली, तर आजच्या निवृत्तिवेतनात काहीच बदल दिसणार नाही.

३० जूनला निवृत्त झालेल्या सगळ्यांनाच हे लागू होते, असेही नाही. ज्याची वेतनवाढ १ जानेवारीला पडते त्याला ती सहा महिन्यांपूर्वीच मिळालेली असते. वेतनाच्या स्तरातल्या शेवटच्या घरात पोचलेल्याला पुढचे घरच नसते. शिक्षा म्हणून वेतनवाढ रोखलेली असेल, किंवा बिनपगारी रजेमुळे लागणारी पात्र सेवा भरत नसेल, तर हक्क तयार होत नाही. १ जानेवारी २००४ नंतर नेमणूक होऊन राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत गेलेल्यांचे निवृत्तिवेतन खात्यात साठलेल्या रकमेवर ठरते. तिथे शेवटच्या वेतनातल्या या वाढीचा प्रश्नच येत नाही. आणि आपल्याकडे शाळेत नाव घालताना मास्तरांनी सरसकट १ जून लावून दिलेली जी मोठी पिढी आहे, ती निवृत्त होते ३१ मे ला. तिची अकरा महिन्यांची सेवा झालेली असते, वर्ष पुरे झालेले नसते. त्यांच्यापर्यंत या निकालाचा हात पोचत नाही.

अर्ज बँकेत द्यायचा नाही. बँक फक्त आलेल्या आदेशाप्रमाणे पैसे जमा करते, वेतनवाढ ठरवणे तिच्या हाती नसते. अर्ज जायला हवा ज्या कार्यालयातून निवृत्त झालो तिथल्या कार्यालयप्रमुखाकडे, सोबत पीपीओची प्रत, शेवटचे वेतन प्रमाणपत्र आणि पुढील वेतनवाढीची तारीख दाखवणारी वेतनचिठ्ठी किंवा सेवापुस्तकाचे पान. कार्यालय सेवापुस्तकात नोंद घेते, वेतन व लेखा कार्यालय नवी रक्कम मंजूर करते, आणि नागरी खात्यांच्या बाबतीत दिल्लीतल्या केंद्रीय पेन्शन लेखा कार्यालयाचा सुधारित आदेश बँकेच्या पेन्शन केंद्राकडे येतो. रेल्वे आणि संरक्षण खात्यातल्या नागरी कर्मचाऱ्यांचे मार्ग वेगळे आहेत, पण सुरुवात तिथेही जुन्या कार्यालयापासूनच होते.

सुधारित आदेश हाती आला की तीन आकडे तपासावेत. पहिल्या अधीक्षकांनी ४० टक्के अंशराशीकरण घेतले होते, म्हणजे ३०,२०० मधून १२,०८० कापले जात होते. आता मूळ निवृत्तिवेतन ३१,१०० असावे. कपात १२,०८० च राहावी, कारण वाढीव ९०० चे अंशराशीकरण झालेलेच नाही. महागाई दिलासा कपातीनंतरच्या रकमेवर नव्हे, पूर्ण ३१,१०० वर मोजलेला असावा. ५८ टक्के दराने तो १८,०३८ होतो आणि हातात पडतात ३७,०५८ रुपये. आधी ३५,६३६ पडत होते. फरक १,४२२ पेक्षा कमी दिसला, तर बहुतेक वेळा चूक या तिघांपैकी एका आकड्यात असते.