नेमका कोणता पायथन?

ग्रंथपालाच्या फोनवर एकच शब्द येतो: ‘पायथन’. तो अजगर असू शकतो, गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१मध्ये प्रसिद्ध केलेली संगणकभाषा असू शकते किंवा ग्रीक पुराणकथेत अपोलोने मारलेला डेल्फीचा सर्पही.

‘काय हवंय?’ असं विचारलं, तर ‘पायथनची माहिती’ एवढंच उत्तर येण्याची शक्यता असते. म्हणून संभाव्य अर्थच समोर ठेवावेत: ‘संगणकभाषा, अजगर, की आणखी काही?’ यातला शेवटचा पर्याय गाळू नये. नाहीतर डेल्फीचा सर्प शोधणारा अडकतो.

‘संगणकभाषा’ असं उत्तर आलं, की हेतू विचारावा: ‘शिकायला सुरुवात करायची आहे, की प्रोग्राम अडलाय?’ पहिल्याला प्राथमिक पुस्तक द्यावं. दुसऱ्याकडून पडद्यावरचा त्रुटीचा संदेश जसाच्या तसा मागवावा.