सिडनीतला पहिला सूर्योदय टाळा

जूनमध्ये सिडनीचे घड्याळ मुंबईच्या साडेचार तास पुढे असते. रोज सहाला उठणाऱ्याचे शरीर पहाटे चारच्या सुमारास सर्वांत थंड असते; सिडनीत तेव्हा साडेआठ वाजलेले असतात. त्याआधीचा लख्ख उजेड शरीराचे घड्याळ आणखी मागे नेतो, नंतरचा पुढे आणतो. म्हणून पहिल्या दिवशी बाँडायचा सूर्योदय नको. पडदे ओढून झोपा, नऊनंतर बोटॅनिक गार्डनमध्ये फिरा. पुढे रोज तासभर लवकर बाहेर पडा. रात्री अकराला भारतात साडेसहाच वाजतात, झोप येत नाही; त्यामुळे संध्याकाळी मंद उजेडात राहा. ब्लू माउंटन्सची पहाटेची सहल चौथ्या दिवशी ठेवा. तोवर सकाळी आपोआप जाग येऊ लागली, तर घड्याळ जुळत आले समजा.